आमच्या गावाचा किती?

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली भागात जमीन हलली. लातूर-नांदेडकडच्या नातेवाइकांचे फोन सुरू झाले आणि त्यात आत्याचा फोन होताच. ती आता किल्लारीजवळच्या पुनर्वसित गावात राहते, पत्ते एकसारखे असलेल्या, सरळ रेषेतल्या घरांपैकी एका घरात. "किती होता रं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, साडेचार. ती जरा थांबली आणि म्हणाली, "आमच्याकडं नुसती भांडी वाजली. आमच्या गावाचा किती होता ते सांग."

हाच प्रश्न तिनं त्याच्या एकतीस वर्षं आधी, किल्लारीच्या भूकंपानंतरही विचारला होता. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि आम्ही लातूर शहरात राहायचो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला पाच-एक मिनिटं कमी असताना, बाबांनी मला झोपेतून उचलून रस्त्यावर आणलं होतं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून सगळे उशिरा झोपले होते. आमच्या घराला जिन्याजवळ एक तडा गेला, एवढंच. आत्याचं गाव आमच्यापासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर होतं आणि ते गाव राहिलं नाही. ती हात गळ्यात बांधून आमच्याकडे आली ती दहा दिवसांनी. दूरदर्शनवर पुन्हा पुन्हा आकडा सांगत होते. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग बाबांना म्हणाली, "दादा, तुमच्या लातूरला बी सहा पॉइंट दोन आन् आमच्या गावाला बी सहा पॉइंट दोन? मंग आमचंच का पडलं?"

बाबांना उत्तर देता आलं नाही. मी पुढे भौतिकशास्त्र शिकलो, गेली बरीच वर्षं ते शिकवतोय, आणि आत्याच्या त्या प्रश्नापेक्षा नेमका प्रश्न मला अजून कुठल्या विद्यार्थ्यानं विचारलेला नाही.

गोंधळ आपल्या भाषेतच आहे. बातमी येते, '४.५ रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप'. या एका 'तीव्रते'त आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एक गोष्ट भूकंपाची स्वतःची असते, ती म्हणजे जमिनीखाली किती मोठा खडक किती सरकला. तिला मॅग्निट्यूड म्हणतात. एका भूकंपाला एकच मॅग्निट्यूड असतं, ते लातूरला वेगळं आणि मुंबईला वेगळं असत नाही. दुसरी गोष्ट जागेची असते. त्या भूकंपानं या गावात, या वाड्यात काय केलं, ती खरी तीव्रता. ती गावागणिक बदलते. मराठवाड्यातल्या माणसाला हे पावसावरून चटकन कळतं. ढग केवढा होता हे एक, आणि आपल्या मंडळात किती मिलिमीटर पडला हे दुसरं. पीकविम्याच्या वेळी कोणी ढग मोजत नाही, मंडळातला आकडाच बघतात. आत्या तिच्या मंडळाचा आकडा मागत होती आणि टीव्हीवाला तिला ढगाचा आकडा सांगत होता.

तीव्रता मोजायला यंत्र लागतंच असं नाही. भारतात त्यासाठी बराच काळ एमएसके नावाची श्रेणी वापरली जाते, १९६४ साली ठरलेली, एक ते बारा पायऱ्यांची. भूकंपानंतर माणसं गावोगाव जातात आणि विचारतात. झोपलेले जागे झाले का? टांगलेली वस्तू हलली का? तसं असेल तर पाचवी पायरी. लोक घाबरून बाहेर पळाले, गिलाव्याला तडे गेले, तर सहावी. पुढच्या पायऱ्यांवर मात्र प्रश्न घरांकडे वळतात, आणि इथे या श्रेणीचा शहाणपणा आहे. ती नुसतं 'घरं पडली' असं लिहून घेत नाही. कुठल्या प्रकारची घरं पडली आणि त्यातली किती, हे विचारते. दगड-मातीचं घर वेगळं, विटांचं वेगळं, काँक्रीटच्या सांगाड्याचं वेगळं. 'काही' म्हणजे शंभरात पाच, 'बरीच' म्हणजे अर्धी, 'बहुतेक' म्हणजे पाऊणशे, इतकं ते ठरलेलं आहे. कारण मातीत बांधलेली भिंत पडली म्हणून हादरा मोठा होता असं म्हणता येत नाही. भिंतच तशी असू शकते.

आत्याचं घर तसं होतं. मी त्या घरात सुट्ट्या काढल्या आहेत, म्हणून सांगू शकतो. अडीच-तीन फूट जाडीच्या भिंती, आम्ही मुलं खिडकीच्या कोनाड्यात आख्खी मावायचो. बाहेरून घडीव दगडांचा एक पदर, आतून दुसरा, आणि मधे गोटे आणि माती भरलेली. दोन्ही पदरांना एकमेकांशी बांधून ठेवणारा आरपार लांब दगड कुठेच नव्हता. वर लाकडी तुळयांचं माळवद आणि त्यावर मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर आणखी माती पडायची, मामा स्वतः टोपल्यानं टाकायचे. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. उन्हाळ्यात ते घर माठासारखं गार असायचं. जमीन आडवी हलली की अशा भिंतीचे दोन पदर सुटे होतात, बाहेरचा बाहेर आणि आतला आत येतो, आणि मग वरची टनावारी माती खाली येते. त्या पट्ट्यात कुडाच्या, गवताच्या झोपड्यांमधली माणसं वाचली ती याच कारणानं. डोक्यावर ओझं नव्हतं.

किल्लारीच्या आसपासच्या पट्ट्यात तीव्रता आठ ते नऊ होती असं पाहणी केलेल्यांनी ठरवलं. लातूर शहरात ती त्याहून बरीच कमी. भूकंप उथळ होता, खडक जमिनीखाली दहा किलोमीटरच्या आतबाहेर फाटला, त्यामुळे वरच्या गावांना तडाखा जवळून बसला आणि थोड्याच अंतरात तो ओसरला. म्हणजे आत्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर असं की, आत्या, लातूरचा आणि तुझ्या गावाचा आकडा एक नव्हताच. टीव्हीवर सांगत होते तो आकडा तुमच्यापैकी कोणत्याच गावाचा नव्हता, तो खालच्या खडकाचा होता. एक अडचण मात्र इथे नोंदवायला हवी. गावातली सगळीच घरं दगड-मातीची असली आणि सगळीच पडली, की त्यापुढे ही श्रेणी मुकी होते. हादरा नवव्या पायरीचा होता की त्याहून थोडा मोठा, हे सांगायला उभं असं काही शिल्लकच राहत नाही.

आता त्या खडकाच्या आकड्याकडे येतो, कारण त्यात माझं स्वतःचं एक दुखणं आहे.

चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी ही पट्टी काढली. भूकंप खाली जिथे सुरू झाला त्याच्या वरच्या बिंदूपासून, म्हणजे अपिकेंद्रापासून, एका ठरावीक जातीचा भूकंपमापक शंभर किलोमीटरवर असेल आणि त्याच्या कागदावरची रेघ एक मिलिमीटर हलली, तर त्या भूकंपाचं मॅग्निट्यूड तीन धरायचं. दहा मिलिमीटर हलली तर चार, शंभर हलली तर पाच. दर पायरीला रेघ दहापट. हे बहुतेकांना शाळेत सांगितलेलं असतं. मग ऊर्जा प्रत्येक पायरीला तीसपट, अगदी नेमकं सांगायचं तर सुमारे बत्तीसपट, हे कुठून येतं?

यासाठी रेघ सोडून खडकाकडे बघावं लागतं. भूकंप म्हणजे जमिनीखालच्या एका भेगेचा एक तुकडा अचानक सरकणं. त्या तुकड्याला लांबी असते, रुंदी असते, आणि तो किती सरकला हे तिसरं माप. मोठ्या भूकंपात ही तिन्ही मापं साधारण एकाच प्रमाणात वाढतात, लांब भेग जास्त सरकते. दूरवरच्या यंत्रात उमटणाऱ्या संथ लहरींची उंची ढोबळमानानं तुकड्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. म्हणून रेघ दहापट उंच व्हायला क्षेत्रफळ दहापट लागतं, म्हणजे लांबी सव्वातीनपटीच्या जरा आत आणि रुंदीही तेवढीच, कारण ३.१६ गुणिले ३.१६ म्हणजे दहा. पण ऊर्जेत सरकणंही धरावं लागतं, आणि तेही ३.१६ पट वाढलेलं असतं. दहा गुणिले ३.१६, झाले बत्तीसच्या आसपास. किल्लारीला खाली अंदाजे दहा किलोमीटर लांब, तेवढाच रुंद असा तुकडा मीटरभराच्या आतबाहेर सरकला. त्याहून एक पायरी खालचा, ५.२ चा भूकंप म्हणजे साधारण तीन बाय तीन किलोमीटरचा तुकडा, पाव मीटर सरकलेला. ही दोन चित्रं शेजारी ठेवली की बत्तीस हा आकडा पाठ करावा लागत नाही.

हल्ली सांगतात ते मॅग्निट्यूड खरं तर रिश्टरच्या पट्टीचं नसतंच. हिरू कानामोरी यांनी सत्तरच्या दशकात हीच तीन मापं आणि खडकाचा ताठपणा यांच्या गुणाकारावरून आकडा काढायची रीत बसवली, जुन्या आकड्यांशी जुळेल अशी. गरज पडली, कारण जुन्या पट्ट्या मोठ्या भूकंपात अडकतात. छोट्या, जलद लहरी मोजणारं यंत्र सातच्या आसपास पोचलं की पुढे वाढतच नाही, मोठ्या भूकंपाची जादा ऊर्जा संथ लहरींत असते आणि ती त्याच्या मापात येत नाही. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपाला आपल्याकडे पहिला आकडा ६.९ सांगितला गेला आणि अमेरिकेतून ७.९ आला, तो नंतर ७.७ झाला. लोकांना वाटलं कोणीतरी लपवतंय. तसं नव्हतं, पट्ट्या वेगळ्या होत्या. पण ६.९ आणि ७.९ यांत बत्तीसपट ऊर्जेचा फरक आहे, त्यामुळे वाटणं साहजिकच होतं.

ऊर्जा म्हणजे किती, हे मी कोयनेच्या भाषेत सांगतो. किल्लारीत लहरींच्या रूपानं बाहेर पडलेली ऊर्जा नेहमीच्या सूत्रानं काढली तर सुमारे साडेतीन कोटी युनिट वीज येते. कोयनेचा १९६० मेगावॉटचा सगळा जलविद्युत प्रकल्प पूर्ण क्षमतेनं अठरा तास चालवला तर तेवढी वीज तयार होईल. ५.२ चा भूकंप असता तर चौतीस मिनिटं. कच्छचा ७.७ म्हणजे साडेचार महिने. यातला किल्लारीचा आकडा मला नेहमी अस्वस्थ करतो. अठरा तासांची वीज, आणि त्यात जवळपास दहा हजार माणसं गेली.

आणि माझं दुखणं हे. १९९२ मध्येच किल्लारी भागात धक्के सुरू झाले होते. ऑक्टोबरमध्ये त्यातला एक चारच्या वरचा होता. लोक घाबरले, अंगणात झोपू लागले. मामांनीही शेतात पत्र्याचं शेड टाकलं आणि महिनोन्‌महिने सगळे तिथे झोपले. मग धक्के कमी झाले. गावात बोललं जाऊ लागलं की बरं झालं, जमिनीतली गर्मी थोडी थोडी निघून गेली, आता मोठं काही होणार नाही. मामा नंतर आमच्याकडे आले होते तेव्हा हेच सांगत होते, मला ते शब्द आठवतात, "थोडं थोडं गेलेलं बरं असतं." ऐकायला किती पटण्यासारखं आहे! पण हिशेब मांडून बघा. ६.२ ची ऊर्जा ५.२ च्या धक्क्यांनी काढून टाकायची तर बत्तीस धक्के लागतील. ४.२ च्या धक्क्यांनी काढायची तर एक हजार. वर्षभरात त्या गावांना बसलेले सगळे छोटे धक्के एकत्र केले तरी मोठ्या भूकंपाच्या ऊर्जेला ओरखडाही गेला नसता. ९३ चा पावसाळा आला, शेडवर पाऊस वाजू लागला, आणि गणपतीत मामा घरात झोपायला गेले. आत्या त्या रात्री लहान नातवाला घेऊन शेडमध्येच होती, त्याला ताप होता आणि घरात माणसांची गर्दी होती. शेडची एक बल्ली तिच्या हातावर पडली.

दर वर्षी अकरावीच्या मुलांना मी अपिकेंद्र शोधायला लावतो, आणि गेली काही वर्षं उदाहरण किल्लारीचंच घेतो. भूकंपातून दोन लहरी निघतात. पहिली पी, खडकात सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावणारी, दाबत-सोडत जाणारी. दुसरी एस, साडेतीन किलोमीटरनं येणारी, आडवी हलवणारी. विजेची चमक आणि गडगडाट यांतला वेळ मोजून वीज किती लांब पडली हे आजी सांगायची, तसंच हे. दोन्ही लहरी एकदमच निघतात, पण जितकं लांब जावं तितकी एस मागे पडते. मधला वेळ सेकंदात मोजायचा आणि त्याला आठनं, सव्वाआठनं गुणायचं, अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. हा गुणक वरवरच्या खडकासाठी आणि जवळच्या भूकंपमापन ठाण्यांसाठी आहे. दोनशे किलोमीटरपुढे पी लहर खालच्या जलद थरातून वळसा घेऊन आधी पोचते, तेव्हा तक्ते वापरावे लागतात. वर्गात आम्ही ढोबळच घेतो.

मुलांना मी पुण्याला ३५ सेकंद आणि हैदराबादला २७ सेकंद असे आकडे देतो. हे कुठल्या ठाण्याच्या कागदावरचे नाहीत, खऱ्या अंतरांवरून मी मागे येत काढलेले आहेत. पुण्याभोवती २९० किलोमीटरचं वर्तुळ, हैदराबादभोवती २२५ चं. मुलं कंपास फिरवतात आणि गोंधळतात, कारण दोन वर्तुळं एकमेकांना स्वच्छ छेदत नाहीत, नुसती घासून जातात. दोन्ही त्रिज्यांची बेरीज ५१५ आणि पुणे ते हैदराबाद सरळ अंतर त्याहून थोडंसंच कमी आहे. किल्लारी जवळजवळ त्या दोन शहरांना जोडणाऱ्या रेषेवरच पडते. मग छेदनबिंदू दोन येतात, एक किल्लारीजवळ आणि दुसरा तीस-पस्तीस किलोमीटर दक्षिणेला, कर्नाटकात. एक सेकंद वाचण्यात चुकला तर त्रिज्या आठ किलोमीटरनं बदलते आणि वर्तुळं एकतर भेटतच नाहीत, नाहीतर छेदनबिंदू भलतेच लांब सरकतात.

मुलांना वाटतं तिसरं ठाणं आलं की प्रश्न मिटला. मी त्यांना मुद्दाम आधी कोयना देतो. कोयनेहून किल्लारी सुमारे ३०८ किलोमीटर आणि तो दक्षिणेचा खोटा बिंदू २९३ च्या आसपास. फरक पंधरा किलोमीटरचा, म्हणजे दोन सेकंदांच्याही आत. आणि एस लहर कागदावर टाळी वाजवून येत नाही. पीची थरथर अजून चालू असते, तिच्यातच एस उगवते, आणि पेन्सिलीचं टोक नेमकं कुठे टेकवायचं यावर बाकावरची दोन मुलं भांडतात. मग मी नागपूर देतो. तिथून खरा आणि खोटा बिंदू यांच्यात तीस-पस्तीस किलोमीटरचा, चार सेकंदांचा फरक पडतो, आणि कर्नाटकातला बिंदू गळतो. ठाणी किती आहेत यापेक्षा ती भूकंपाच्या चारी बाजूंनी आहेत का, हे महत्त्वाचं असतं. सगळी एकाच बाजूला किंवा एकाच रेषेत असतील तर दहा असूनही जागा त्या रेषेच्या आडवी डुगडुगत राहते. खऱ्या कामात संगणक अनेक ठाण्यांच्या वेळा एकत्र घेतो, एक जागा, एक खोली, एक क्षण गृहीत धरतो, त्यावरून लहरी कधी पोचायला हव्या होत्या ते काढतो, आणि फरक कमीत कमी होईपर्यंत तो अंदाज सरकवत राहतो. खोली सर्वांत हट्टी. जवळ ठाणं नसेल तर भूकंप पाच किलोमीटर खाली होता की पंधरा, हे वेळांवरून नीट कळतच नाही, आणि किल्लारीसारख्या ठिकाणी नेमका तोच फरक माणसांच्या जिवाचा असतो.

शिवाय अपिकेंद्र म्हणजे खडक जिथे फाटायला सुरुवात झाली त्याच्या वरचा बिंदू, एवढंच. सर्वांत जास्त नुकसान तिथेच होईल असं नाही. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपाचं अपिकेंद्र गोरखा जिल्ह्यात होतं, पण भेग पूर्वेकडे फाटत गेली आणि सर्वाधिक माणसं सिंधुपाल्चोकमध्ये गेली.

त्या जुलैतल्या फोनवर हे सगळं मी आत्याला सांगितलं नाही. मी म्हणालो, "आत्या, ते सहा पॉइंट दोन तुझ्या गावाचं नव्हतंच. ते खाली दगडात होतं, सगळ्यांना मिळून एकच. तुझ्या गावाचा आकडा नऊच्या जवळ होता. आमच्या लातूरचा त्याच्या पुष्कळ खाली."

"नऊ," ती म्हणाली. "कितीपैकी?"

"बारापैकी."

ती काही बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "आन् आजचा? आमच्याकडं?"

मी विचारलं, भांडी पडली का वाजली, दिवा हलला का, शेजारचे बाहेर आले का. तिनं एकेक सांगितलं. रॅकवरची भांडी वाजली, पडलं काही नाही, शेजारची सून झोपेतून उठून दारात आली, भिंतीला काही नाही, या भिंती काँक्रीटच्या आहेत. मी म्हणालो, तुझ्याकडे चार, फार तर पाच.

"लिहून ठेव," आत्या म्हणाली.

मी वहीत तारीख लिहिली, गावाचं नाव लिहिलं, आणि समोर लिहिलं, चार ते पाच, भांडी वाजली.